पाटणकरांचं ‘हो’

ब्रिजिट डाबरेच्या खोलीत पेशंटसाठी एकच खुर्ची होती, पण पेशंट एकटा क्वचितच यायचा. बायको यायची, भाऊ यायचा, कधी एकाच फ्लॅटमध्ये राहणारे दोघं-तिघं दाराशी उभे राहायचे. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतलं ते लहानसं क्लिनिक. ब्रिजिट तिथली जुनी नर्स, वसईकडची. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांशी बोलायचं कामही तिच्याकडे होतं. त्यासाठी तिने एक छोटा कोर्स केला होता. आवाज खालचा, हसणं पटकन, आणि समोरच्याचं ऐकताना मान किंचित कलती ठेवायची सवय. नवरा विन्स्टन फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला, म्हणून संसार सुट्टीच्या दिवसापुरता.

कोर्समध्ये शिकवलेली एक गोष्ट तिला मनापासून पटली होती. माणूस सवय एका झटक्यात सोडत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतो. आधी सोडण्याचा विचारच नसतो. मग विचार येतो, पण मन इकडे आणि तिकडे ओढत राहतं. मग तयारी, मग प्रत्यक्ष सोडणं, मग सोडलेलं टिकवणं. मध्येच घसरणंही आलं. ज्या पायरीवर माणूस उभा असेल, तिथलं बोलायचं. पुढच्या पायरीचं बोललं तर ते त्याच्या डोक्यावरून जातं, किंवा तो चिडून आणखी घट्ट पाय रोवून उभा राहतो. म्हणून आधी विचारायचं : येत्या सहा महिन्यांत सोडायचा विचार आहे का? असेल, तर येत्या महिनाभरात? एवढ्या दोन प्रश्नांनी बरंच कळतं.

दोन हजार नऊच्या सुरुवातीला सूर्यकांत पाटणकर तिच्याकडे आले ते बायकोच्या, मंजुषाबाईंच्या मागून. बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर, मूळ पुण्याचे, पन्नाशी ओलांडलेले. थोडं चाललं की डाव्या पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. क्लिनिकचे डॉक्टर जहूर यांनी घोट्यापाशी नाडी चाचपली, तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. सिगारेट चालू राहिली तर पुढे पाय गमवायची वेळ येऊ शकते. मग ब्रिजिटला हाक मारून म्हणाले, “सिस्टर, इनको समझाओ.”

मंजुषाबाई खुर्चीवर बसल्या, पाटणकर उभे राहिले.

“सहा महिन्यांत सोडायचा विचार आहे का?” ब्रिजिटने विचारलं.

“सहा महिने कशाला?” मंजुषाबाई म्हणाल्या. “या महिन्यातच! हो ना हो?”

“हो,” पाटणकर म्हणाले.

“याआधी कधी प्रयत्न केला होता?”

“गेल्या वर्षी केला होता की! चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. सांगा ना सिस्टरना.”

“हो,” पाटणकर म्हणाले.

समोर मराठी माणसं, मंजुषाबाईंनी आणलेला लाडवांचा डबा टेबलावर. ब्रिजिटलाही घरचं कोणी आल्यासारखं वाटलं. महिनाभरात सोडायचं म्हणतात, प्रयत्नही झालेला, म्हणजे तयारीची पायरी. तिने तारीख ठरवून दिली. निकोटिनचे पॅच कसे लावायचे ते दाखवलं. घरातला ॲश-ट्रे टाका, तलफ आली की पाणी प्या, बडीशेप चघळा, सगळं नीट समजावलं. पाटणकर प्रत्येक वाक्यावर मान हलवत होते. निघताना म्हणाले, “करू सिस्टर, इन्शाल्ला.”

ठरलेली तारीख आली आणि गेली. पाटणकर फिरकलेच नाहीत. मंजुषाबाईंचा फोन आला. “पॅचची पाकिटं तशीच कपाटात आहेत. ॲश-ट्रे मी टाकला, तर आता खाली पार्किंगमध्ये जाऊन ओढतात. आधीपेक्षा जास्तच. म्हणतात, त्या बाईंकडे पुन्हा येणार नाही, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटतं. सिस्टर, पाय गेला तर काय करू हो मी?”

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, फुजैराला किनाऱ्यावर विन्स्टनबरोबर बसलेली असताना ब्रिजिटने नाव न घेता त्याला ही गोष्ट सांगितली. माशाचे काटे काढता काढता तो ऐकत होता.

“पण तो माणूस स्वतः काय बोलला?” त्याने विचारलं.

ब्रिजिट आठवायला लागली. मंजुषाबाईंची वाक्यंच्या वाक्यं आठवत होती. पाटणकरांचा एक ‘हो’ आठवला, मग दुसरा.

“अरे देवा,” ती म्हणाली. “मी त्याच्या बायकोला तारीख दिली.”

विन्स्टन हसला. “मग बायकोने सोडली असेल सिगारेट!”

ब्रिजिटला मात्र हसू आलं नाही. बायकोदेखत, ओळखीच्या भाषेत, आदराने विचारलं की आपला माणूस ‘नाही’ कसा म्हणेल? घरी आलेल्या पाहुण्याने पानात वाढलेलं नको म्हणू नये, तसा तो हो म्हणाला होता. आणि तिने त्या सभ्यपणाला तयारी समजून टाकलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिने फोन लावला तो पाटणकरांना. “डॉक्टरांना पायाची नाडी पुन्हा बघायची आहे. त्यानंतर माझ्याकडे दहा मिनिटं बसा. एकटेच या. सोडा असं मी म्हणणार नाही.”

“मग काय म्हणणार?” पाटणकरांच्या आवाजात संशय होता.

“मी काही म्हणणार नाही, विचारणार आहे. बोलायचं नसेल तर चहा पिऊन जा.”

ते आले. या वेळी खुर्ची त्यांना मिळाली. ब्रिजिटने दार लोटून घेतलं.

“मागच्या वेळी मी घाई केली. तुम्हाला विचारलंच नाही. आता विचारू?”

“विचारा.”

“सहा महिन्यांत सोडायचा विचार आहे? ‘नाही’सुद्धा उत्तरच आहे.”

पाटणकरांनी चहाचा कप फिरवला. “नाही,” ते म्हणाले. आणि मग जरा चकितच होऊन, “खरं सांगायचं तर अजिबात नाही.”

“बरं झालं सांगितलंत. सिगारेट तुम्हाला काय देते, पाटणकरसाहेब?”

असा प्रश्न त्यांना कोणी केलाच नसावा. ते बोलायला लागले. साइट ऑफिसच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी एक सावलीचा कोपरा होता. तिथे कंपनीचा ॲडमिन मॅनेजर जमाल सिगारेट ओढायला यायचा. कोणता प्रोजेक्ट होल्डवर गेला, कोणाचं नाव काढून टाकायच्या माणसांत आहे, हे तिथेच कळायचं, धुराबरोबर. “आमच्या मजल्यावरचे अर्धे लोक गेले, सिस्टर. नोकरी गेली की व्हिसा गेला, मुलीची, इराची शाळा गेली. जमाल म्हणतो, हबीबी, तू काळजी करू नकोस. ते ऐकायला मी दिवसातून सहा वेळा तिथे जातो. सोडली, तर मला कोण सांगणार?”

“पण पाय...” हे ब्रिजिटच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. आपण सोडण्याच्या बाजूने बोललो की हा माणूस न सोडण्याच्या बाजूने बोलणार, हे तिला ठाऊक होतं.

“म्हणजे ती नुसती सिगारेट नाही, बातमी आहे,” ती म्हणाली. “धीरही आहे.”

“अगदी!”

“पायाबद्दल मला जे माहीत आहे ते सांगू का? चालणार असेल तरच.”

त्यांनी मान डोलावली. तिने रक्तवाहिनीचं चित्र काढून दाखवलं. सिगारेटने वाहिन्या आवळतात, आतला थर वाढतो. थांबली तर हे वाढणं मंदावतं, चालण्याचं अंतर वाढू शकतं. एवढंच. मग विचारलं, “यावर तुम्हाला काय वाटतं?”

“विचार करायला लावता तुम्ही.”

“मग करा. वाटलं तर या, मी आहेच.”

बाहेर डॉक्टर जहूर कपाळाला आठ्या घालून उभे होते. “बस? तारीख नहीं दी?”

“अभी तारीख देती तो फिर चले जाते, डॉक्टरसाब.”

पाटणकर पुन्हा आले ते कोणी न बोलावता. आदल्या शुक्रवारी ड्रॅगन मार्टमध्ये इराबरोबर चालताना पोटरी धरली. मुलीला कळू नये म्हणून ते दर पाच-सहा दुकानांनी काहीतरी बघायला थांबत होते. शेवटी ती म्हणाली, “पप्पा, व्हाय आर यू लुकिंग ॲट टॉयलेट सीट्स?”

सांगताना ते हसले, पण डोळे हसत नव्हते. “सोडावी असं वाटतं, सिस्टर. आणि वाटत नाहीही.”

ही दुसरी पायरी. इथे दोन्ही बाजू माणसाच्याच तोंडून निघाव्या लागतात. “सोडणं किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा?”

“आठ.”

“आणि जमेल याची खात्री?”

“तीन.”

“तीन कशी? एक का नाही?”

“कारण... गणपती घरात असतात ते दीड दिवस मी ओढत नाही. हात लावत नाही. म्हणजे तेवढं जमतं.”

“तेव्हा कसं जमतं?”

“माणसं असतात. हातात काहीतरी असतं. मोदकाचं ताट, आरतीचं तबक.” मग ते स्वतःच म्हणाले, “टाकीपाशी जायला कोणी बंदी केलीय का मला? कडक चहाचा ग्लास घेऊन गेलो तर?”

हे ब्रिजिटने सुचवलं असतं, तर त्यांनी त्यात दहा चुका काढल्या असत्या. ती फक्त म्हणाली, “करून बघणार?”

“बघतो. पण तिथे धूर नाकात जाणार, मोह होणार.”

“मग काय कराल?”

असं बोलता बोलता तयारी झाली. तारीख त्यांनी निवडली. पॅच आता कपाटातून बाहेर निघाले, कारण आता त्यांची गरज होती. मंजुषाबाईंना बोलावून ब्रिजिटने एकच काम सांगितलं : ओढली का, असं विचारायचं नाही.

“माझं तोंड शिवून टाका त्यापेक्षा!” मंजुषाबाई म्हणाल्या. पण बऱ्याच अंशी त्यांनी ते पाळलं.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. एकदा पाटणकरांनी पोहे खारट झाले म्हणून ताट सरकवलं आणि मग स्वतःच वरून लिंबू पिळून खाल्ले. जमालने “यल्ला, एक तो ले” म्हणून पाकीट पुढे केलं, तेव्हा त्यांनी चहाचा ग्लास वर करून दाखवला. उन्हाळा संपेपर्यंत ते बसस्टॉपपासून घरापर्यंत न थांबता चालू लागले.

आणि मग एके दिवशी जमालचीच नोकरी गेली. त्याला स्वतःला ते सकाळपर्यंत माहीत नव्हतं. महिनाभरात पाटणकरांचीही गेली. ज्या कोपऱ्याने सगळं आधी सांगायचं, त्याने हे सांगितलं नाही. कार्डबोर्डचा खोका घेऊन बाहेर पडताना पाटणकरांनी पहिल्याच किराणा दुकानातून पाकीट घेतलं.

आठवडाभराने ते ब्रिजिटसमोर बसले, मान खाली घालून. “खलास, सिस्टर. सगळी मेहनत फुकट. पोटरी पुन्हा धरायला लागलीय.”

“शून्यावर नाही आलात,” ती म्हणाली. “इतके महिने तुम्ही सिगारेटशिवाय राहिलात. ते कसं केलंत हे तुम्हाला आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं. घसरणं या वाटेवर असतंच. कशाने घसरलात?”

“अपमानाने,” पाटणकर म्हणाले. मग म्हणाले, “आम्ही पुण्याला चाललोय. तारीख द्या मला.”

“तुम्ही द्या.”

त्यांनी नीट विचार केला. “आज नको, घरात खोके बांधायचेत, भांडणं होणार. उद्याही नको. शुक्रवारी. तेव्हा सामान गेलेलं असेल.”

ब्रिजिटला वाटलं, पायाला एकेक दिवस मोलाचा आहे, आजच का नाही? पण ती म्हणाली, “शुक्रवार. शुक्रवारी सकाळी काय कराल ते आता ठरवू या.” आणि तासभर ते दोघं तेच ठरवत बसले.

पुढच्या वर्षी मंजुषाबाईंनी पुण्याहून फोन केला. तिथल्या सर्जननी पाय तपासला होता. ऑपरेशनची तूर्त गरज नाही म्हणाले. पाटणकर रोज सकाळी चालायला जात होते, मध्ये एकदा थांबून. पुतण्याच्या लग्नात एक सिगारेट ओढली, त्याबद्दल स्वतःच येऊन बायकोला सांगितलं, आणि दुसरी पेटवली नाही.

“तुम्ही काही म्हणालात का त्यांना?” ब्रिजिटने विचारलं.

“म्हणणार होते,” मंजुषाबाई म्हणाल्या. “पण ते सांगून मोकळे झाले होते. मग म्हटलं, चला, जेवायला बसा.”