पावणेतीन माणसं

कारखान्याच्या पिपलानी वसाहतीत क्वार्टर मिळालं आणि कारखान्यात हातात स्टॉपवॉच. मोटर स्टार्टर जोडायच्या लाइनवर कुठे किती माणसं लावायची, हे ठरवण्याचं पहिलंच काम माझ्याकडे आलं.

जेवण-चहा वगळून शिफ्टची चारशे वीस मिनिटं उरत. साहेबांना आता एकशे चाळीस नग हवे होते, म्हणजे दर तीन मिनिटांना एक. एका नगाला लागणाऱ्या वेळेला तीननं भागलं की त्या जागेची माणसं निघत.

वायरिंगला तिघं होते. त्यांतले सगळ्यात जुने नागपूरचे काका. मी घड्याळ घेऊन उभी राहिले की ते चष्मा पुसत, स्क्रू पुसत, वायर उजेडात धरून बघत बसत. नगाला अकरा मिनिटं.

"अकरा भागिले तीन," काका हळूच म्हणाले. "चार माणसं लागतीन मॅडम."

माझ्याआधी यांचा भागाकार तयार होता, तिथेच मला शंका आली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे पाठ करून शेजारच्या टेबलाची वेळ घेत असल्याचं सोंग केलं. तयार नग काका लोखंडी ट्रेमध्ये ठेवत, तेव्हा ठण् आवाज होई. मी वीस ठण् मोजले, त्यात थकव्यासाठी थोडा जादा वेळ धरला. सव्वाआठ मिनिटं. म्हणजे पावणेतीन माणसं.

"पाऊण माणूस कुठून आणू?" फोरमन वैतागले. "दोनच ठेवा."

"दोघांकडून जेमतेम एकशे एक नग निघतील. तीनच लागतील."

काकांना आकडा सांगितला. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाठीलाही कान आहेत तुमच्या. पण माणूस कमीच आहे. टेस्टिंगचं पाहा ना."

तिथे एकटाच माणूस, नगाला चार मिनिटं. दिवसभरात एकशे पाचच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं. फोरमन म्हणाले, वायरिंगच्या तिसऱ्याचा पाव वेळ रिकामा आहे, तो तिकडे द्या. पण तिथे कमी होता एक तृतीयांश माणूस. पाव पुरणार नव्हता. मी लिहून दिलं: टेस्टिंगला दोन.

"स्टोअरमधला एक चांगला आहे, मीटर वाचता येतो त्याला," काकांनी फोरमनना सुचवलं. तो आला, आणि आठवड्याभरात एकशे चाळीस नग निघू लागले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत शेडमागे गेले, तर वायरिंगचे तिघं आणि हा नवा टेस्टिंगवाला कॅरम खेळत होते.

"दोन वर्षं तिघांत खेळलो," काका स्ट्रायकर लावत शांतपणे म्हणाले. "मजा येत नाही हो मॅडम."

माझा कागद अक्षरशः खरा होता. तरी परतताना मला हसू आवरेना.