मागच्या खोलीतले दोन हार्मोन

थांबा, हे आत्ताच सांगू द्या, माह्या पोटात राहून नाही राह्यलं.

मी वाशिमले नर्सिंगच्या पहिल्या वर्षाले आहे. फिजिओलॉजीचा पेपर तोंडावर आन पिट्युटरी, मेंदूखालची ती वाटाण्याएवढी ग्रंथी, काही केल्या डोक्यात बसेना. म्हणून मेडशीले घरी आली तवा पाठ कराले घरालेच पिट्युटरी केलं. समोरच्या खोलीत ग्रंथीच्या पुढच्या भागाचे सहा हार्मोन: ग्रोथ हार्मोन, प्रोलॅक्टिन, टीएसएच, एसीटीएच, एफएसएच, एलएच. मागच्या खोलीत मागच्या भागाचे दोनच, ऑक्सिटोसिन आन एडीएच. तेही तिथले नाहीतच, बनतात वर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, इथं नुसते मुक्कामाले.

आन खऱ्या मागच्या खोलीत होती माही ताई, बाळंतपणाले आलेली. बाळ चार दिवसांचं, ठणठणीत. दूध आता कुठं उतरून राह्यलं होतं. पण पाहायले येणारी हरएक बाई आत जाऊन तेच विचारे, दूध आलं का. एकीनं तर पदर बाजूले सारून पाह्यलंच. ताई आंग चोरून बसलेली. बाळ ओढे, सोडे, रडे.

मी दारात पुस्तक घेऊन. पुस्तकातलं सगळं समोर घडून राह्यलं होतं ना! दूध बनवते प्रोलॅक्टिन, बाहेर ढकलते ऑक्सिटोसिन. बाई घाबरली, लाजली की ते ढकलणं अडते. बाकी ठिकाणी कसं, टीएसएच थायरॉइडकडून थायरॉक्सिन बनवून घेते, ते वाढलं की वर निरोप जाते, बस करा, मंग टीएसएच कमी होते. इथं उलटं. बाळ जितकं ओढीन तितकं ऑक्सिटोसिन सुटीन, प्रोलॅक्टिनही वाढीन. ओढणंच थांबलं तर दूध बनणंही कमी.

मी आत्याले म्हटलं, "आत्या, सगळ्यायले बाहेर बसवा ना. ताईले आन बाळाले एकटं सोडा, येते दूध."

आत्या हसली. "लगन नाही झालं तुहं, आन आमाले दूध शिकवते? तीन लेकरं काय पुस्तक वाचून पाजली म्या?"

समोरच्या खोलीत सगळ्या हसल्या. आईकडे पाह्यलं, आई चहा गाळत होती, तिनं मान वर केली नाही. संध्याकाळी भाऊजी पावडरचा डबा आन बाटली घेऊन आले. बाळ बाटली पिऊन गाढ झोपलं, सगळे खूश. ताई माह्याकडे पाहून हळूच म्हणे, "आता नाही ओढणार का गं थो?"

मले माहीत होतं. मी रिकामी बाटली उचलून धुवाले नेली. पुढं बाटल्या वाढत गेल्या, ताईचं दूध कमी होत गेलं, पुस्तकात लिहिलं तसंच.

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. मी आकृतीसकट लिहिला, एकही बाण चुकला नाही. बाहेर येऊन घरी फोन लावला तर ताई म्हणे, आता तर थो तोंडच लावत नाही.

तुमच्यासंगही झालं का असं, का उत्तर पाठ आहे आन घरात कोणाले ऐकायचंच नाही? मंग तुमी काय केलं?