कानपिळीची एक ओळ

ताईच्या लग्नाची पत्रिका आणि कार्यक्रम इंग्रजीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बल्लारपूरच्या आमच्या घरात इंग्रजी घेऊन बीए झालेली मी एकटीच. अमेरिकेहून मोठे काका-काकू आणि तिथेच वाढलेला त्यांचा मुलगा येणार होते. आम्हाला सख्खा भाऊ नाही, म्हणून कानपिळीचा मान त्या चुलतभावाचा.

बाबांना प्रत्येक विधीवर निबंध हवा होता. अंतरपाटाबद्दल त्यांनी पानभर मजकूर खरडला. मी तो एका ओळीवर आणला: मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांच्या मध्ये धरलेलं कापड.

"अन् त्याच्यामागचं तत्त्वज्ञान?"

"बाबा, ते लग्नाले येऊन राह्यले, परीक्षेले नाई."

बाबा फुगले. ताईचं मात्र लक्षच नव्हतं. नवरदेव आलापल्लीला जंगल खात्यात कारकून. साखरपुड्यात त्याने फक्त मान हलवली होती, फोनवर नुसतं "हं" म्हणायचा. "मानूस कसा हाय, मले काईच समजून नाई राह्यलं," ती म्हणायची आणि मलाच रडू यायचं.

कानपिळीला मी लिहिलं: वधूचा भाऊ वराचा कान पिळून विचारतो, तिला नीट सांभाळशील ना? मग वर त्याला भेट देतो. मला वाटलं, झालं काम. आपल्याकडे ते विचारणं पिळण्यातच येतं, तोंडाने कोणी विचारत नाही, हे मला सांगावंसंही वाटलं नाही.

मांडवात चुलतभाऊ माझा कागद हातात घेऊन उभा राहिला. त्याने नवरदेवाचा कान धरला, पिळला आणि खणखणीत इंग्रजीत प्रश्न विचारला. मांडव हसला. नवरदेवाने घाईघाईने शेला-नारळ पुढे केले. चुलतभाऊ कान सोडेना. त्याला वाटलं, लाच देतोय.

"आन्सर फर्स्ट!"

भटजींनी कपाळावर हात मारला. नवरदेवाची आई ओरडली, "अवं, कान तुटन माह्या पोराचा!" बाबा मला दातओठ खात म्हणाले, "पाह्यलं? म्हनून निबंध लागते!" कान टोमॅटोसारखा लाल.

शेवटी तो मुका माणूस अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "येस! येस! सांभाळीन ना तिले! तिले बरं नसन तं सयपाकबी करीन, मले येते सारा! पन कान सोडा, भाऊ!"

चुलतभावाने मला विचारलं, एवढं लांबलचक काय म्हणाला? मी म्हटलं, हो म्हणाला. तेव्हा कुठे त्याने कान सोडला आणि शेला घेतला.

ताई मुंडावळ्यांमागून माझ्याकडे वाकली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

"येवढ्या थोडक्यात सांगू नोको," ती कुजबुजली. "सयपाकाचंबी सांग त्याले."