पाच बाय पाचचा वाफा

१२ जुलै २०११, मंगळवार. हजर: केंद्रप्रमुख, जिल्ह्याहून आलेले प्रशिक्षक, दोन शाळांच्या दोन शिक्षिका, म्हणजे ती आणि मी. गैरहजर: तिसऱ्या शाळेचे गुरुजी, जनगणनेचे जुने कागद शोधायला पंचायत समितीत.

वहीत एवढंच आहे. बाकीचं लक्षात आहे.

ती आणि मी १९९९ मध्ये एकाच यादीतून जिल्हा परिषदेच्या नोकरीला लागलो. दोघींची घरं कुडव्याला, शाळा एकाच रस्त्यावर, चार किलोमीटरच्या अंतरानं. बारा वर्षं आम्ही एकाच गाडीवर जात होतो, एक आठवडा तिची, एक आठवडा माझी. ती बोलकी, मी यादीवाली. ती मला म्हणायची, "तू तर मरायच्या आधीबी कामाची यादी करशील वो."

त्या दिवशी प्रशिक्षकांनी आम्हाला पाचवीच्या क्षेत्रफळ आणि परिमितीच्या घटकाचं नियोजन उलट्या क्रमानं करायला सांगितलं. एरवी आम्ही आधी उपक्रम ठरवायचो, धडा संपला की चाचणी काढायचो आणि अहवालाच्या वेळी उद्दिष्टं लिहायचो. इथे पहिला प्रश्न असा होता: घटक संपल्यावर मुलांना काय यायला हवं? आम्ही लिहिलं: कुठे घेर मोजायचा आणि कुठे जागा, हे कोणी न सांगता ठरवता यावं. दुसरा प्रश्न: ते आलं हे कशावरून मानायचं? उपक्रम तिसरे, सगळ्यात शेवटी.

पुरावा ठरवायला पूर्ण दुपार गेली. शाळेमागच्या जागेत दोरीनं दोन वाफे आखायचे, एक आठ बाय दोन मीटरचा, दुसरा पाच बाय पाचचा. आखताना मुलं वर्गात. मग एकेकाला बोलवायचं, हातात टेप द्यायचा आणि विचारायचं: खिचडीसाठी पालक लावायचा आहे, कुंपणाला वीस मीटर जाळी आहे, कोणता वाफा घेशील आणि का? घेर दोन्हींचा वीस, जागा एकाची सोळा, दुसऱ्याची पंचवीस. परिमिती, क्षेत्रफळ हे शब्द आपण उच्चारायचे नाहीत. नुसतं बरोबर उत्तर पुरेसं नाही, कारण सांगता आलं पाहिजे. आणि हा प्रश्न मुलांना आधी कळता कामा नये. प्रशिक्षक म्हणाले, सराव करून घेतला तर मुलाला काय येतं ते कळणार नाही, पाठ काय झालं तेवढंच कळेल.

मग उपक्रम. प्रत्येकाला एकच कसोटी: यानं मूल त्या वाफ्याजवळ उभं राहायला तयार होतं का? बाकाभोवती सुतळी गुंडाळणं यादीत राहिलं. मीटरभर लांबीरुंदीचे वर्तमानपत्राचे चौकोन जमिनीवर अंथरणं राहिलं. तिचं रंगीत कागदाचं तोरण गेलं. दरवर्षी ती मुलांकडून वर्गाच्या चारी भिंतींना तोरण लावून घ्यायची आणि पाहुणे खूश होऊन जायचे. पण त्यात मोजमाप तीच करायची. मी म्हटलं, हे काढू. ती हसून म्हणाली, "काढ." मी वहीत 'सहमती' लिहिलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

चाचपणी सप्टेंबरात होती. नियम असा की एकीच्या वर्गाची नोंद दुसरीनं करायची. आधी ती माझ्या शाळेत आली. एकोणीस मुलांपैकी अकरांना जमलं. आठ जणांनी लांबट वाफा निवडला, तो मोठा दिसतो म्हणून. मला वाईट वाटलं नाही. कुठे परत शिकवायचं ते कळलं होतं. चौकोन अंथरायचा उपक्रम मी घाईत उरकला होता.

आठवड्यानं मी तिच्या शाळेत गेले. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता, मागच्या जागेच्या एका बाजूला पाणी साचलेलं. पाच मीटर रुंदीचा वाफा बसेचना. ती मुख्याध्यापकांकडे सही घ्यायला गेली होती. मी सोयीनं आकडे बदलले: एक वाफा सात बाय तीन, दुसरा नऊ बाय एक. घेर वीसच राहिला, प्रश्नही तोच.

पहिली आली ती वर्गातली हुशार मुलगी. मी प्रश्न विचारला. टेप हातात तसाच ठेवून ती घडाघडा म्हणाली, "पाच-पाचवाला, मॅडमजी. घेर दोघांचाबी वीस, पण याची जागा पंचवीस चौरस मीटर. म्हणून पालक जास्त."

मी म्हटलं, "पाच-पाचवाला कोणता, दाखव."

तिनं दोन्ही वाफ्यांकडे पाहिलं. मग टेप लावला. तीन आले. परत लावला. "इथं पाच नाही," ती हळूच म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता वर्गाच्या दाराकडे पाहू लागली.

बावीस मुलांपैकी बहुतेकांनी पंचवीसच सांगितलं.

ती मुख्याध्यापकांकडून परतली तेव्हा व्हरांड्यात मी तिला विचारलं, प्रश्न मुलांना आधीच सांगितलास का? तिनं नाकारलं नाही.

"काऊन बदलवले आकडे? ठरलं होतं ना आपलं?"

"प्रश्न फोडायचा नाही हेही ठरलं होतं."

"तुयासारखे आठ पोट्टे नापास दाखवून काय भेटते? इथं साहेब येऊन राहिले पुढच्या महिन्यात. पोराइची फजिती कायले करायची?"

"फजिती आज झाली," मी म्हटलं.

मी नोंदपत्रावर लिहिलं: सराव झालेला असल्यानं पुरावा ग्राह्य नाही. मग ती रडली. म्हणाली, पंधरा दिवस दे, चौकोन अंथरण्यापासून परत शिकवते, तू नवा प्रश्न घेऊन ये, तोवर हे कागद वर देऊ नको. बारा वर्षांची गाडी होती. मी कागद पिशवीत ठेवले.

दहाव्या दिवशी केंद्राची बैठक झाली. तिनं स्वतः भरलेलं नोंदपत्र काढलं: बावीसपैकी बावीस. मग माझ्या शाळेची अकराची नोंद वाचली. ती तिनंच केलेली, खरीच होती. वर माझ्याकडे हात करून म्हणाली की मॅडमकडे उपक्रम नीट झाले नाहीत, तोरणासारखे आनंददायी उपक्रम काढल्यानं मुलं कंटाळली. मी पिशवीतून कागद काढला. केंद्रप्रमुखांनी तारीख पाहिली.

"इतके दिवस ठेवला कायले मॅडम? आज अकरा निघाले म्हणून काढला?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती पेनाचं टोपण लावत होती.

घटक सगळ्या केंद्रात गेला. छापील पुस्तिकेत पहिल्याच पानावर तोरण, दुसऱ्या पानावर 'नमुना सराव' म्हणून आमचा वाफ्याचा प्रश्न, उत्तरासकट. उद्दिष्ट शेवटच्या पानावर, उपक्रम पाहून लिहिलेलं: विद्यार्थी आनंदाने तोरण लावतो. पुरावा म्हणून तो प्रश्न आता आमच्या केंद्रातल्या कुठल्याच शाळेत वापरता येणार नव्हता. बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासूनच मी माझी गाडी वेगळी काढली होती. तिनं कारण विचारलं नाही.

ती मुलगी जूनमध्ये सहावीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. तिच्या प्रगतिपुस्तकात या घटकापुढे 'येते' असं लिहिलं आहे.

जुनी वही परवा चाळली. त्या घटकाची कामं अशी: माझ्या आठ मुलांना परत शिकवणे, झालं. सुतळी, खुंट्या परत करणे, झालं. टेप तिच्याकडून आणणे, झालं, शिपायाकरवी. चौथ्या ओळीसमोर खूण नाही: तिच्या वर्गासाठी नवा प्रश्न तयार करणे, त्या मुलीला आधी विचारणे.