तात्यांच्या दशक्रियेला प्राची बोलली

दहाव्याला कुणी बोलायचं, हा प्रश्न आठव्या दिवशी संध्याकाळी निघाला. तोवर प्राचीच्या घरातली सगळीच माणसं थकून गेली होती. सकाळी उजाडलं की पावणे येत. बायका ओट्यावर बसून गळा काढत, पुरुष मांडवात पाय पसरत, आणि आत प्राचीची आई, मंदा, चहाचं आधण उतरवायच्या आत दुसरं चढवत असे. शेजारपाजारच्या घरांतून भाकरी आणि पिठलं येत होतं, नाहीतर या दिवसांत घरातल्यांच्या पोटात काही गेलंच नसतं.

गेले ते प्राचीचे आजोबा, भगवंत तात्या. ओतूरजवळच्या त्या गावात त्यांना ‘पाणीवाला भगवंत’ म्हणत. नळयोजना आली तेव्हापासून हातपाय चालेनासे होईपर्यंत गावाला पाणी त्यांनीच सोडलं. विहिरीवरची मोटर चालू करायची, टाकी भरायची आणि मग खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून आळीआळीनं व्हॉल्व्ह फिरवत जायचं. वीज रात्रीची असली की तेही रात्रीचे उठत. पाणी कमी आलं म्हणून त्यांच्याशी न भांडलेलं घर गावात नव्हतं, आणि तात्याही काही कमी नव्हते. “तुझ्या एकट्याची टाकी हाय का?” असं भर चौकात ओरडायचे. घरी आले तरी आवाज तोच.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. एक बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. एवढा मोठा आवाज गेला, आणि उरलं ते नुसतं घशातलं गुरगुरणं. ते गुरगुरणं मंदाला आणि प्राचीला कळे, इतरांना नाही. शेवटी शेवटी ते प्राचीच्या हातून औषध घेत, पण मंदानं चमचा पुढे केला की तोंड फिरवत. का, ते कुणालाच समजलं नाही. मंदा चमचा लेकीच्या हातात देई.

तर त्या संध्याकाळी प्राचीचा बाप, भरत, म्हणाला, “माझे केस उतरवलेले आसतील, मी पिंडापाशी बसलेला आसंल. घरातलं कुणीतरी दोन शब्द बोलायला पायजे. प्राची, तू बोल.”

“मी? मला न्हाई जमायचं, पप्पा.”

“आगं तात्या शेवटी तुझंच ऐकत व्हते.”

पंधरा वर्षांच्या प्राचीनं आजवर माइकसमोर तोंड उघडलं नव्हतं. वर्गात उठून कविता म्हणायची वेळ आली की तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. पण नाही म्हणण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं. तिनं मान डोलावली.

चुलतबहीण हर्षाली कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत भाग घ्यायची. तिनं लगेच चार पानं लिहून दिली. त्यात ‘क्रूर काळाने घाला घातला’ होतं, ‘मायेचा अथांग सागर’ होता, ‘अजातशत्रू’ तर पहिल्याच ओळीत. प्राची गोठ्यामागं जाऊन मोठ्यानं वाचायला लागली. ‘अजातशत्रू’वर जीभ अडखळली, पुढच्या लांब वाक्यात श्वास संपला, आणि मध्येच तिला हसूच फुटलं. तात्या आणि अजातशत्रू! मग त्या हसण्याची तिलाच लाज वाटली आणि ती तिथंच शेणाच्या पालथ्या पाटीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी रामनाथ गुरुजी आले. निवृत्त शिक्षक. पंचक्रोशीत कुठंही दशक्रिया असली की घाटावर माइक त्यांच्याकडे असायचा. प्रवचन कधी संपवायचं, कुठल्या पुढाऱ्याला आधी बोलवायचं, श्रद्धांजली लांबायला लागली की माणसाला हळूच खाली कसं बसवायचं, हे सगळं तेच बघत. त्यांनी हर्षालीची पानं चाळली आणि बाजूला ठेवली.

“हे हर्षालीचं भाषण हाय. तिनं केलं तर छान होईल,” ते म्हणाले. “तुला दोन मिनिटं पुरे. त्यापुढं बोलूच नको. पहिल्यांदा नमस्कार, मग तू कोण ते. मग तात्या कसे होते ते एकाच गोष्टीतून सांग. चार गुण सांगशील तर एकही ध्यानात राहायचा न्हाई. त्यानंतर ज्यांनी केलं त्यांचे आभार. आणि निरोप. एवढंच.”

“पण सांगू काय? सगळे म्हणतात लई मायाळू व्हते. तसे नव्हते ते.”

“मग तसं म्हणू नको. समोर बसलेल्यांनाही माहिती हाय की. खोटं वाक्य बोलताना आवाज आधी कापतो.”

प्राचीनं वहीचं पान घेतलं. एक वाक्य लिहायचं, ते तोंडानं म्हणायचं, श्वास पुरला नाही तर तोडून दोन करायची. ‘कर्तव्यनिष्ठ’ काढून तिनं ‘पाणी सोडलं’ लिहिलं. आणि शेवटाकडे येताना तिच्या हातून भराभर लिहून गेलं: ‘माझ्या आईनं दोन वर्षं त्यांचं सगळं केलं, पण तात्यांनी तिला कधी चांगलं म्हटलं नाही.’

गुरुजींनी ते वाचलं आणि चष्मा पुसला.

“खरं हाय का?”

“हो.”

“तुझा राग बरोबर हाय. पण बघ, गेलेल्या माणसाला जाब विचारायची ती जागा न्हाई, त्याला उत्तर देता येत न्हाई. जित्या माणसाचे आभार मात्र मानता येतात. तेच वाक्य आईकडे तोंड करून लिही.”

तिनं पुन्हा लिहिलं. मग गुरुजींनी जाड पुठ्ठ्याचा कागद मागवला. नदीवर वारा असतो, पातळ कागद फडफडतो आणि हाताचा कंप दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तिनं ठसठशीत अक्षरात एका ओळीला एक वाक्य उतरवलं, मध्ये मोकळी जागा सोडून. “माइक तोंडापासून वीतभर. ओळ संपली की वर बघायचं, मग पुढची. रडू आलं तर थांबायचं, पाणी प्यायचं. लोक थांबतात, त्यांना घाई नसती. आणि याची एक नक्कल माझ्या खिशात राहील. तुला नाहीच जमलं, तर उरलेलं मी वाचीन.”

हे शेवटचं ऐकून तिला जरा धीर आला. तिनं उभं राहून त्यांच्यासमोर तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मानेवर हात लावला, तर चट्टे उठून तापलेलेच होते. पण वाचून झालं होतं.

जाता जाता गुरुजी म्हणाले, “वडलांना दाखव एकदा.”

भरतनं मांडवाच्या खांबाला टेकून कागद वाचला. त्याचे डोळे जागरणानं तांबारले होते. “प्रयाग आत्याला लागंल गं हे,” तो हळूच म्हणाला. प्रयागबाई तात्यांची बहीण. आल्यापासून ती येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती, भावाला सुनेनं नीट बघितलं असतं तर आणखी चार वर्षं जगला असता. मंदा ते चहा देता देता ऐकत होती.

“काढू का मग?” प्राचीनं विचारलं.

भरतनं कागद पुन्हा वाचला. आतून कपबशा विसळल्याचा आवाज येत होता. “राहू दे,” तो म्हणाला. “मी बोलायला पायजे व्हतं ते.”

दहाव्याच्या सकाळी मांडवी नदीच्या घाटावर गाव जमलं. एका बाजूला पुरुष, दुसरीकडे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. खाली पाण्याजवळ भरत पिंडापाशी बसला होता. प्रवचन झालं. मग पुढारी उठले. कुणी तात्यांना देवमाणूस म्हटलं, कुणी गावचा आधारवड, आणि एकानं तर नावच चुकवलं. बायका पेंगायला लागल्या होत्या. गुरुजींनी शेवटच्याला खाली बसवलं आणि म्हणाले, “आता त्यांची नात.”

प्राची उठून माइकपाशी गेली. तिनं कागद दोन्ही हातांनी धरून माइकच्या दांडीला टेकवला.

“नमस्कार. मी प्राची. भगवंत तात्यांची नात.

मी पहिल्यांदाच बोलते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

तात्यांनी आपल्या गावाला पुष्कळ वर्षं पाणी सोडलं.

तुमच्यातले खूप जण त्यांच्याशी भांडलात. तेही तुमच्याशी भांडले.

तात्या तापट होते. घरातसुद्धा.”

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी हुंकार दिला. पेंगणारी डोकी वर झाली. प्राचीनं वर पाहिलं, मग पुढची ओळ.

“पण त्यांनी ओळख बघून कुणाला जास्त पाणी दिलं नाही.

आमचं घर लाइनीच्या शेवटी आहे. आमच्या नळाला पाणी सगळ्यांच्या नंतर यायचं. कधी यायचंच नाही.

तेव्हा माझी आई विहिरीवरून पाणी आणायची.

दोन वर्षांपूर्वी तात्यांचं अंग गेलं. बोलणं गेलं.

तेव्हापासून त्यांना आंघोळ आईने घातली. कूस आईने बदलली. त्यांची अंथरुणं आईने धुतली.”

इथं आवाज गेला. पुढची ओळ तिला दिसत होती, पण तोंडातून बाहेर येईना. गुरुजींचा हात खिशाकडे गेला. तिनं मान हलवून त्यांना थांबवलं, तांब्यातल्या पाण्याचा घोट घेतला आणि वाट पाहिली.

“तात्यांना बोलता आलं असतं, तर ते आईला काय म्हणाले असते, मला माहीत नाही.

म्हणून मी म्हणते. आई, तू खूप केलंस.

ज्यांनी इतके दिवस आम्हाला जेवण आणलं, त्या सगळ्या घरांचे आभार.

तात्या, आता आराम करा.”

ती माइकपासून बाजूला झाली. बायकांमध्ये मंदा पदरात तोंड घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. इतक्या दिवसांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. रडायला वेळच झाला नव्हता. एका म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, मग दुसरीनं. प्रयागबाई मात्र समोर नदीकडे बघत राहिली.

कावळा शिवायला उशीर लागला. उन्हं चढली, माणसं पांगली, घरचे तेवढे राहिले.

घरी आल्यावर मंदा सवयीनं चुलीकडे वळली. प्रयागबाईनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. “सर बाजूला,” ती नेहमीच्याच कडक आवाजात म्हणाली. “मी बघते. तू पड जा.”

मंदानं हात पदराला पुसले. मग आतल्या खोलीत गेली आणि भर दिवसा, साडीही न बदलता, जमिनीवर आडवी झाली. प्राची तिच्या शेजारी जाऊन पडली. थोड्या वेळानं मंदानं डोळे न उघडताच विचारलं, “माइकला हात लावला तर करंट बसतो का गं?”

“न्हाई.”

“तू लई कापत व्हतीस, म्हणून वाटलं.”

बाहेर कुणी पावणं आलं होतं. प्रयागबाई त्यांना सांगत होती, “जरा हळू बोला. सूनबाई झोपलीय.”