पन्नास उल्लेख

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, राइट टाउनमधल्या एका लहानशा जाहिरात कंपनीत मी नोकरीला लागले, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या ग्राहकांत कांचघरकडचं एक जुनं मिठाईचं दुकान होतं, मराठी माणसांचं. दर महिन्याला मी त्यांचा रिपोर्ट करायची. फेसबुक, इन्स्टाग्राम, गुगलवरचे रिव्ह्यू आणि शहरातल्या बातम्या, यांत त्या दुकानाचं नाव किती वेळा आलं ते मोजायचं, तीन प्रतिस्पर्धी दुकानांचंही मोजायचं, आणि चौघांच्या बेरजेत आपल्या दुकानाचा वाटा किती टक्के ते काढायचं. याला ऑफिसात ‘शेअर ऑफ व्हॉइस’ म्हणत.

त्या महिन्यात दुकानाचे मालक वारले. काका म्हणायचे मी त्यांना. रिपोर्ट घ्यायला स्वतः यायचे आणि जाताना माझ्या टेबलावर खव्याच्या जिलेबीचा पुडा ठेवून जायचे.

महिना संपल्यावर आकडे काढले. आमच्या दुकानाचे नव्वद उल्लेख; बाकीच्यांचे साठ, तीस आणि वीस. एकूण दोनशे. नव्वद भागिले दोनशे, म्हणजे पंचेचाळीस टक्के. आदल्या महिन्यात सव्वीस होते. सर खूष झाले. पहिल्याच पानावर हिरवा बाण टाक, म्हणाले.

मी एकेक उल्लेख उघडून वाचायला लागले. नव्वदांतले पन्नास श्रद्धांजलीचे होते. हात जोडलेली चित्रं, जुने फोटो, कोणाच्या मुंजीतल्या लाडवांची आठवण. हा रिपोर्ट आता काकूंच्या हातात जाणार होता, कारण दुकान त्याच बघत होत्या. त्यावर हिरवा बाण टाकायला माझा हात धजेना.

मी ते पन्नास वजा केले. चाळीस भागिले दोनशे, वीस टक्के. सरांना दाखवलं तर ते गंभीर झाले. सव्वीसचे वीस झालेले बघून काकू आपल्याला दिलेलं काम बंद करतील, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. सोमवारपर्यंत विचार कर, एवढं बोलून त्यांनी विषय सोडला.

रविवारी सकाळी खमरियाच्या आमच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये मी लॅपटॉप उघडून बसले होते. बाबा फॅक्टरीत तपासणी विभागात होते, रिटायरमेंटला काही महिने उरलेले. चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले आणि काय अडलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून माझ्या आकडेमोडीचा कागद पाहिला.

“हे पन्नास तू वरून काढले,” ते म्हणाले, “मग खालच्या दोनशेत काहून ठेवले?”

मी पुन्हा बेरीज पाहिली. ते पन्नास त्या दोनशेतही होतेच की. एकूण आता दीडशे व्हायला हवे होते. चाळीस भागिले दीडशे, जवळपास सत्तावीस टक्के.

“म्हणजे पडलं नाही दुकान,” बाबा म्हणाले. “जिथं होतं तिथंच उभं आहे.”

श्रद्धांजलीचे उल्लेख वगळण्याचा नियम मी बाकी तिघांनाही लावून पाहिला. त्यांच्याकडे तसं काही निघालं नाही. आदल्या महिन्याचे उल्लेखही पुन्हा चाळले; तिथंही नव्हतं. मग दोन्ही आकडे लिहिले, सगळे उल्लेख धरून पंचेचाळीस आणि श्रद्धांजली वगळून सत्तावीस, आणि खाली दोन ओळींत कारण. बाण काढून टाकला. सोमवारी सरांनी ते वाचलं आणि काही न बदलता सही केली. रिपोर्ट तूच नेऊन दे, म्हणाले.

काकू गल्ल्यावर बसल्या होत्या. मी त्यांना हळूहळू समजावलं. सत्तावीसवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, गिऱ्हाईक आहे ना अजून? मी म्हटलं, चारही दुकानांबद्दल लोक जे बोलून राहिले, त्यात आपला वाटा पूर्वीइतकाच आहे. विक्री यातून कळत नाही, ती तुम्हालाच माहीत. त्यांनी मान हलवली. मग पंचेचाळीसकडे वळल्या.

“यातले ते पन्नास मला वाचायला देशील का? मला त्या फोनमधलं काही जमत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी सगळे छापून नेले. काकूंनी दुकान दुपारी तासभर बंद ठेवलं आणि आम्ही दोघी आतल्या खोलीत बसलो. हिंदीतले त्या स्वतः वाचत होत्या, इंग्रजीतले मी सांगत होते. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या मुलाच्या परीक्षेच्या दिवशी भैयाजी, म्हणजे आमचे काका, दर वर्षी न विसरता पेढा पाठवायचे. काकू थांबल्या.

“हे मला कधी बोलले नाहीत,” त्या म्हणाल्या. तो कागद त्यांनी बाजूला काढून ठेवला आणि पुढचा माझ्या हातात दिला.