बिनताळ्याचा बोर्ड

आमच्या कारखान्यात तिला सगळेच ताई म्हणतात. मालकही म्हणतात, आणि ते तिच्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत. बेकऱ्यांच्या भट्ट्या आणि दुकानांतली थंड कपाटं यांचं तापमान सांभाळणारे छोटे बोर्ड आम्ही बनवतो. त्या बोर्डांवरच्या चिपमध्ये जो प्रोग्रॅम चालतो, तो ताई लिहिते. मी शेजारच्या टेबलावर बसून तयार बोर्ड तपासतो. त्यामुळे तिचं हसणं, चिडणं आणि नंतरचं गप्प होणं हे सगळं मी हाताच्या अंतरावरून पाहिलं आहे.

ताई बोलायला फटकळ. नवीन माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी ऐकवायची, "हे बघ, चिपमधली कायमची मेमरी म्हणजे बायकोची सहनशक्ती. लाखभर वेळा मुकाट ऐकून घेते, मग एक दिवस काय करेल सांगता येत नाही." सगळे हसायचे. पण त्यात खोटं काही नव्हतं. वीज गेली तरी गिऱ्हाइकानं ठरवलेलं तापमान विसरू नये म्हणून ते याच मेमरीत, म्हणजे ईईप्रॉममध्ये, लिहून ठेवतात. ईईप्रॉम म्हणजे छोट्या छोट्या घरांची रांग. एकाच घरात पुन्हा पुन्हा लिहीत राहिलं की ते झिजतं. बनवणारे लाखभर वेळांची हमी देतात. पुढे त्याचं नशीब. म्हणून ताईचा नियम होता: आधी वाच, तेच असेल तर लिहू नकोस. आणि प्रत्येक नोंदीशेजारी तिचा ताळा ठेव. शाळेत गणिताचा ताळा करून बघायचो ना, तसा. आकड्यांवरून काढलेली एक खूण. वाचताना खूण जुळली नाही, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

ताईचं लग्न झालं नव्हतं, कारखान्याजवळ खोली घेऊन एकटी राहायची. घर म्हणजे भाऊ, भावजय आणि वडिलांचे मासे. वडील टपाल खात्यात होते, पण त्यांचा जीव माशांत. घराच्या मागच्या खोलीत काचेच्या टाक्या भिंतभर मांडलेल्या. साध्या गप्पी माशांपासून निवडत निवडत त्यांनी एक जात तयार केली होती. काळसर निळं अंग आणि शेपटीच्या कडेला पिवळी किनार, जणू कुणी बारीक कुंचल्यानं ओढलेली. लांबून लांबून लोक घ्यायला यायचे. वडील नर द्यायचे, मादी कुणालाही नाही. "मुलगी द्यायची तर घर बघून द्यावी," म्हणायचे, आणि त्यांना एकही घर पसंत पडलं नाही. ते गेले तेव्हा धाकट्यानं, म्हणजे ताईच्या भावानं, नोकरी सोडून त्या टाक्या पुढे चालवल्या. भावाबहिणीचं एरवी फारसं जमत नसे, पण त्या खोलीत दोघं तासन्‌तास न भांडता बसत.

सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच मोठ्या हौदातून फिरायचं. हीटर त्या हौदात. त्याला एक जुना यांत्रिक थर्मोस्टॅट होता, टकटक आवाज करणारा. धाकट्याला जास्त काही हवं होतं. पिल्लं घालायच्या दिवसांत तापमान दिवसभरात सावकाश चढवायचं, सावकाश उतरवायचं. वीज गेली तर परत आल्यावर मागे न जाता जिथं होतं तिथून पुढं सुरू व्हावं.

ताई म्हणाली, "रविवारी करून देते."

आणि खरंच एका रविवारी दिला. त्या घडीला पाण्याचं जे तापमान ठेवायचं, ते बोर्ड दर दहा सेकंदांनी ईईप्रॉममध्ये लिहायचा. नेहमी त्याच घरांत. आधी वाचणं नाही, ताळा नाही. तो थर्मोस्टॅट तिनंच काढायला लावला. "ती टकटक बंद कर आता. कानाला त्रास."

बोर्ड छान चालला. धाकटा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "आमच्या ताईनं केलाय." महिने गेले. आत घरं झिजत होती, पण बाहेर कळायला मार्गच नव्हता. बोर्ड चालू असेपर्यंत ठेवायचं तापमान चिपच्या तात्पुरत्या मेमरीत असतं; ईईप्रॉम वाचायची वेळ येते ती वीज जाऊन परत आल्यावरच. आणि त्या मधल्या काळात वीज कधी गेलीच नव्हती. बऱ्याच अवधीनंतर गेली, ती धाकटा आणि त्याची बायको तिच्या माहेरी गेले होते तेव्हा.

ते परतले आणि धाकट्यानं मागची खोली उघडली. खोलीत दमट वाफ होती. बोर्डावर अडतीसच्या वर आकडा होता आणि हीटर अजून चालू होता. त्यानं आधी हात पाण्यात घातला, मग दिवा लावला. भावजयीनं नंतर मला सांगितलं, तो ओरडला नाही, रडला नाही. एकेका टाकीवर बोटानं टकटक करत गेला, मासे अन्नाला पुढं यावेत म्हणून करतात तसं. शेवटच्या टाकीपर्यंत गेला. मग बाहेर येऊन पायरीवर बसला.

ताईनं बोर्ड कारखान्यात आणला. वायरी लावल्या आणि ईईप्रॉमच्या त्या झिजलेल्या घरात सहा हा आकडा लिहिला. वाचला तर एकशे सव्वीस. पुन्हा सहा लिहिला. पुन्हा एकशे सव्वीस.

मी विचारलं, "म्हणजे काय झालं?"

"दोनशे बासष्ट लिहायचे होते. सव्वीस पॉइंट दोन अंश. त्यातला दोनशे छप्पनचा मोठा भाग एका घरात, तो शाबूत आहे. उरलेले सहा या घरात." तिचा आवाज एकदम सपाट होता. "लिहिण्याआधी घर पुसतात तेव्हा आतले सगळे बिट एक होतात. मग हवे ते शून्य करतात. हे थकलंय. काही बिट शून्य होतच नाहीत. म्हणून सहाचे एकशे सव्वीस झाले आणि सव्वीसचे अडतीस."

"पण ताळा असता तर..."

"तर लगेच कळलं असतं," ती म्हणाली. "अरे, साधी मर्यादा घातली असती तरी पुरे होतं. गप्पीला अडतीस कोण देतं?"

एवढं बोलून ती उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो नाही. जायला हवं होतं की नको, आजही कळत नाही.

चिप खराब निघाली असं तिनं सांगितलं असतं, तर धाकट्यानं मानलं असतं. तो या विषयातला नव्हता. पण संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली, ओट्याशी उभ्या असलेल्या भावासमोर बसली आणि सगळं सांगितलं. भावजय तिथंच भांडी पुसत होती.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे झिजतं, तुला माहीत होतं?"

"हो."

"कारखान्यातल्या बोर्डांत तू काळजी घेतेस?"

"प्रत्येक बोर्डात."

"मग माझ्याच बोर्डात का नाही?"

"घरचं काम म्हणून," ती म्हणाली. "वाटलं, नंतर करू. घरचंच तर आहे."

धाकटा म्हणाला, "बाबांनी चाळीस वर्षं घरचं म्हणूनच केलं होतं."

तो आत निघून गेला. त्या दिवसानंतर तो तिच्याशी गरजेपुरतं बोलायचा. वाईट काहीच बोलला नाही. ताई म्हणायची, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ताई वडिलांच्या जुन्या गिऱ्हाइकांना शोधत हिंडली. कुणाकडे एखादी मादी चुकून गेली असेल, कुणी वडिलांची नजर चुकवून नेली असेल, या आशेवर. एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे पिवळ्या किनारीचे मासे आहेत असं कळलं. ती धावतच गेली. मासे होते, किनारही होती, पण फिकट, तुटक. घड्याळजी म्हणाले, "तुमच्या वडिलांचा नर घेतला होता. आमच्या साध्या मादीत सोडला. आता त्याचं काही उरलं नाही हो, नावालाच आहे." तरी तिनं एक जोडी आणली. धाकट्यानं पिशवी दिव्यासमोर धरली, बराच वेळ पाहिली आणि सांभाळून परत तिच्या हातात दिली.

त्याच काळात तिनं नवा बोर्ड केला. रविवारचा नव्हे, महिनाभर खपून. दर दहा सेकंदांनी लिहिणं बंद. तापमानाचा आकडा खरोखर बदलला तरच लिहायचा. तोही एकाच घरात नाही, रांगेत पुढे पुढे सरकत, म्हणजे झीज सगळ्यांत वाटली जाते. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक आणि ताळा. लिहिलेलं लगेच वाचून बघायचं. विजेचा दाब घसरतोय असं दिसलं तर लिहायला घ्यायचंच नाही. सुरू होताना ताळा जुळणारी सर्वांत नवी नोंद घ्यायची, ती बिघडलेली असेल तर तिच्या आधीची. एकही जुळली नाही तर हीटर बंद आणि भोंगा. शिवाय यांत्रिक थर्मोस्टॅट मालिकेत जोडलेला, म्हणजे बोर्ड वेडा झाला तरी तो हीटरची वीज तोडणार.

तो बोर्ड घेऊन ती भावाकडे गेली तेव्हा मी सोबत होतो. पेटी जड होती म्हणून. धाकट्यानं तो भिंतीवर लावला. प्लग काढला, घातला. काढला, घातला. तापमान चढत असताना मधेच काढला. प्रत्येक वेळी आकडा बरोबर तिथंच परत यायचा. ताई भिंतीला टेकून उभी होती, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी.

शेवटी तो म्हणाला, "चांगला झालाय."

"खरंच?"

"खरंच. यात खोट नाही." त्यानं रिकाम्या टाक्यांकडे पाहिलं. पाणी स्वच्छ होतं आणि पंप चालू होता. इतके दिवस तो ते पाणी का बदलत होता, कुणीच विचारलं नव्हतं. "पण ताई, यानं आता ऊब द्यायची कुणाला?"

त्यानं बोर्ड उतरवला, वायरी नीट गुंडाळल्या आणि पेटीत ठेवून दिला.

पावसाळ्याआधी भावजयीचा मला फोन आला. टाक्या काढून खोली भाड्यानं द्यायची ठरली होती. "ताईंना सांगू का नको, कळत नाही," ती म्हणाली. मग मीच ताईला सांगितलं. ताई सुट्टी टाकून गेली. काचा जड असतात, एकाला उचलवत नाहीत. एका बाजूला भाऊ, एका बाजूला बहीण, असे दोघं एकेक टाकी दारापर्यंत नेत होते. "जरा खाली." "सांभाळ, उंबरा." "घे तुझ्याकडे." कित्येक महिन्यांत त्यांच्यात झालेलं ते सर्वांत लांब बोलणं होतं. शेवटची टाकी टेम्पोत चढल्यावर धाकट्यानं खिशातला रुमाल तिला दिला, तिच्या हाताला काच लागली होती म्हणून. तिनं तो बोटाला बांधला आणि चालत बस थांब्याकडे गेली. तो दारात उभा राहून पाहत होता, पण त्यानं हाक मारली नाही.